एक पाय देवाचा, एक पाय मॅडमचा

राजेश्वरी मॅडमचं मला कौतुक वाटायचं आणि त्या कौतुकामुळेच त्यांचा रागही यायचा. त्वचारोग विभागाची सोमवारची ओपीडी म्हणजे वऱ्हांड्यात मुंगी शिरायला जागा नसते. अक्कलकोटकडची, मोहोळकडची, शहरातली सगळी खाजरी जनता एकाच दिवशी येते आणि एकाच वेळी दारातून डोकं आत घालते. बाहेर असा गोंधळ चाललेला आणि मॅडम आत एखाद्या म्हाताऱ्याच्या टाचेसमोर बसकं स्टूल घेऊन बसलेल्या. भिंग डोळ्याला, मान तिरकी, तोंडाने एक अक्षर नाही. मी त्यांची एमडीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, म्हणजे मागे उभी राहून बाहेरच्यांच्या शिव्या खाणारी. माझ्या मनात यायचं, बाई, टाचच आहे ती, ताजमहाल नाही.

त्या बसक्या स्टुलावरून त्या काय बघतात, ते मला कळलं महानंदामुळे. त्यानंतर मी कौतुकच करत आले आहे. राग येतो, पण तो आता सवयीचा म्हणून येतो.

महानंदा मैंदर्गीची. तिशीला टेकलेली, अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. सोबत सासू होती, निंगव्वा. निंगव्वा अजिबात बारीक नव्हत्या. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि सुनेला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतः द्यायची तयारी.

पिशवीत एका खाजगी डॉक्टरांची फाईल होती. निदान स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: सोरायसिस. दोनदा तपासलं होतं, दोन्ही वेळा तेच. मलमं लावून झाली होती, गुण नव्हता. आता मेथोट्रेक्सेट सुरू करायचं ठरलं होतं. ही आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या, सगळ्या ठीक. आमच्याकडे गोळी फुकट मिळते, म्हणून दोघी आल्या होत्या. निदान करून घ्यायला नाही, नुसती गोळी न्यायला.

"गोळी द्या की," निंगव्वा म्हणाल्या. "सगळं तपासून झालंय. रक्तबी दिलंय दोनदा."

मी पाय बघितले. दोन्ही नडग्यांवर, पोटऱ्यांवर आणि हातांच्या मागच्या बाजूला रुपयाएवढे, काही त्याहून मोठे गोल चट्टे. त्यांच्यावर पांढरा थर, चकाकणारा, बारीक तडे गेलेला. कड अशी की कुणी कंपास ठेवून आखली असावी. पुस्तकात सोरायसिसचा फोटो असतो तो असाच असतो.

फक्त एक गोष्ट मला टोचत होती. "खाज किती?" असं विचारल्यावर महानंदाने पहिल्यांदा स्वतः तोंड उघडलं.

"झोपू देत न्हाय. सकाळी चादर पायाला चिकटलेली असती. ओढून काढावं लागतंय."

चादर चिकटते म्हणजे पाणी सुटतं. सोरायसिस सहसा कोरडा असतो. मी ते लिहून घेतलं. मग औषधाच्या नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला: मुलं किती, आणि अजून हवीत का? कारण ही गोळी गर्भाला घातक आहे. ती चालू असताना दिवस जाऊन चालत नाही, आणि बंद केल्यावरही काही महिने थांबावं लागतं.

"न्हाईत," निंगव्वा म्हणाल्या. "आधी तिचं अंग बरं होऊ दे. लेकराचं मागनं बघू."

माझं डोकं तिथेच फिरलं. सुनेच्या पोटाचा निकाल सासूने द्यायचा आणि सुनेने जमिनीकडे बघायचं, हे मी रोज बघते आणि मला रोज नव्याने राग येतो. मी गोड आवाजात निंगव्वांना केसपेपरवर शिक्का आणायला खिडकीवर पाठवलं. त्या खिडकीवर कायम रांग असते, हे मला ठाऊक होतं.

त्या गेल्या तशी महानंदा घाईघाईने बोलली. "दोनदा राहिलं होतं. दोनी वेळा तिसऱ्या म्हैन्यात गेलं. त्याला आता चार वर्सं झाली. ह्ये अंगावर उठल्यापासून नवरा म्हणतोय, आधी ह्ये जाऊ दे. गोळी किती दिवस घ्यायची असती?"

"सोरायसिस असेल तर बरेच महिने. वर्षं म्हटलं तरी चालेल."

"मग माझं वय निघून जाईल की."

हे तिने तक्रार म्हणून म्हटलं नाही. भाकरी करपली म्हणावं तसं म्हटलं. त्या आधीच्या डॉक्टरांना हे सांगितलंस का, असं मी विचारलं. त्यांनी विचारलं होतं, ती म्हणाली. पण नवरा आणि सासू दोघं बाजूला उभी होती, म्हणून तिने मूल नको असं सांगितलं. आणि खाज इतकी होती, की गोळीला ती नाही म्हणूच शकत नव्हती.

मी तिला आत मॅडमकडे नेलं. तोवर निंगव्वा शिक्का घेऊन परत हजर. रांग त्यांनी कशी मोडली, ते देवाला माहीत.

मी मॅडमना माहिती दिली. फाईल, निदान, गोळी, मूल हवंय ते. मूल म्हणताना मी निंगव्वांकडे मुद्दाम बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मॅडम, दिसतंय सोरायसिससारखं. पण खाज फार आहे," मी म्हटलं.

"सोरायसिसलाही खाज असते. पुष्कळांना असते. खाजेवरून निकाल लावू नकोस."

"पाणीही सुटतं."

"हं." एवढंच बोलून मॅडमनी बसकं स्टूल ओढलं आणि महानंदाचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. महानंदा दचकली. पाय मागे घ्यायला लागली, तर मॅडमनी घोटा धरून ठेवला. "असू दे गं. मला जवळून दिसतं."

आधी त्यांनी पायाकडे बघितलंच नाही. कोपरं बघितली, गुडघे बघितले, केसांची मुळं बाजूला करून टाळू बघितली, नखं एकेक करून उजेडात धरली. सोरायसिसच्या लाडक्या जागा ह्या. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे असतात. इथे सगळं स्वच्छ.

"म्हणून सोरायसिस नाही असं नाही," माझ्याकडे न बघता मॅडम म्हणाल्या. माझं तोंड उघडलेलं त्यांना पाठीतून दिसतं.

मग त्यांनी काचपट्टी मागितली. सोरायसिसचा पापुद्रा काचेच्या कडेने हलकेच खरवडला की मेणबत्तीचं मेण खरवडल्यासारखे रुपेरी तुकडे निघतात, थरावर थर. सगळे थर गेले की खाली पातळ ओलसर पडदा लागतो, आणि तोही निघाला की रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उमटतात. दर वेळी होतं असं नाही, पण झालं तर ती साक्ष मोठी.

मॅडमनी खरवडलं. तुकडे निघाले नाहीत. भुकटी निघाली.

त्या थांबल्या. ती भुकटी त्यांनी हातमोजा काढून अंगठा आणि बोटाच्या मधे घेतली आणि चोळली. पिठीसाखर चोळावी तशी. मी म्हटलं, आता ह्या चाखून बघतायत की काय. पण त्यांनी मान वर करून निंगव्वांच्या कपाळाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि कानडीत विचारलं, "अव्वा, ईबत्ती हच्चीरेन्री?"

ईबत्ती म्हणजे विभूती. अव्वा, हिला विभूती लावली का?

निंगव्वांचा चेहरा एकदम सैल झाला. ह्या पांढऱ्या कोटातल्या बाईला कानडी येतं, आणि तेही घरातलं, हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. मॅडमच्या माहेरी रोज सकाळी आंघोळीनंतर कपाळाला विभूती लागायची. बोटांना ती ओळख होती. माझ्या बोटांना ती नसती कळली. आमच्या घरी बुद्धवंदना होते, तिथे राखेचा संबंध नाही.

"लावती की," निंगव्वा मराठीवर आल्या, बहुतेक मला कळावं म्हणून. "रोज. तिची आंघोळ झाली की पाण्यात कालवून, मंत्र म्हणून, एकेका डागावर. आज दवाखान्याला यायचं म्हणून जास्तच लावली."

आता मला सगळं दिसायला लागलं. चट्ट्यातून पाणी सुटायचं, त्यावर ओली विभूती बसायची, दोन्ही मिळून वाळायचं. दुसऱ्या दिवशी अजून एक थर. वाळून तडे गेले की झाले रुपेरी पापुद्रे. आणि ती कंपासने आखलेली कड? ती निंगव्वांच्या बोटाची होती. श्रद्धेचा माणूस राख कशीतरी फासत नाही, गोल पुरा करतो.

मला हसू आलं आणि लगेच संताप आला. मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमनी माझ्या हातात गॉज दिलं. "सलाईनमध्ये भिजव. ठेव नडगीवर. चोळायचं नाही." माझं तोंड बंद करायचे त्यांच्याकडे असे पुष्कळ उपाय आहेत.

थोड्या वेळाने गॉज उचललं तर पांढरं सगळं कापडावर आलं होतं. खाली लालसर, ओला चट्टा. मधे मधे पिवळट खपल्या, मध वाळल्यासारख्या. आणि कड नाहीच. म्हणजे होती, गोल कळत होता, पण सुरीने कापल्यासारखी नव्हती. बाहेरच्या बाजूला बारीक पुटकुळ्या विखुरलेल्या, लाली हळूहळू कातडीत मिसळलेली.

"इसब," मी म्हटलं. "न्युम्युलर एक्झिमा. नाण्यासारखा इसब, मॅडम." माझा आवाज चढला असावा, कारण महानंदाने मान वर केली.

"घाई करू नकोस."

"पण पापुद्रा तर राखेचा निघाला."

"आणि आपण तो भिजवला. सोरायसिसचा पापुद्रा भिजवला, तेल लावलं, तरी दिसेनासा होतो. ओरबाडला तर त्यातूनही पाणी येतं. मघाशी राखेने फसवलं, आता पाण्याने फसवेल. मला हे कोरडं, उघडं, काही न लावलेलं बघायचंय." मग त्यांनी कडेची थोडी खरवड घेऊन मला दिली. "आणि गोल म्हटलं की गजकर्णही गोल असतं. जा, बुरशी आहे का बघ."

मी सूक्ष्मदर्शकाखाली बघून आले. बुरशी नव्हती.

खरं सांगते, तो क्षण मला फार आवडला. उत्तर हातात आलेलं असताना ते हातातून खाली ठेवणारा माणूस मी फारसा बघितला नव्हता. त्यातून ते उत्तर आमच्या बाजूचं होतं, महानंदाच्या बाजूचं होतं. मॅडमना ते हवं होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. म्हणूनच त्या त्याला जास्त छळत होत्या.

"गोळी आठवडाभर थांबवू," त्या महानंदाला म्हणाल्या. "खाजेचं औषध देते, झोप लागेल. पायांना काही लावायचं नाही. तेल नाही, मलम नाही, विभूती नाही. पुढच्या सोमवारी या."

निंगव्वा ताठ झाल्या. "विभूती न्हाय?"

"कपाळाला लावा की. पायाला नको."

"रोजचं हाय ते. मधीच सोडलं तर देवाला काय सांगू?"

माझ्याकडे याचं उत्तर तयार होतं, चांगलं तासभर चालणारं. मॅडम मात्र सरळ म्हणाल्या, "सांगा, डॉक्टरीण म्हातारी झालीय, तिला नीट दिसत न्हाय. तिच्यासाठी एवढं थांब म्हणावं."

निंगव्वांनी विचार केला. देव एवढं ऐकेल असं त्यांना वाटलं असावं. "बगते," असं म्हणून त्या उठल्या.

त्या दोघी गेल्यावर मी मॅडमना म्हटलं, "ती बाई ऐकणार नाही. आणि त्या खाजगी डॉक्टरांना फोन करून सांगायला पाहिजे, तुम्ही दोनदा राखेला सोरायसिस म्हणालात."

"त्यांनी काय बघितलं?"

"राख."

"राख आहे हे त्यांना कुणी सांगितलं? पांढरा थर, गोल कड, जुनाट चट्टे. त्यावरून कुणीही हेच म्हणेल. जुना इसब खाजवून खाजवून जाड होतो, कोरडा होतो, पांढरा होतो, तेव्हा तर राखेशिवायही घोळ होतो. आणि सोरायसिस कधी कधी नाण्याएवढाच उठतो." त्या हात धुवायला लागल्या. "आधी आपण बरोबर आहोत का ते बघू. मग फोन मी करेन."

पुढच्या सोमवारी दोघी आल्या. महानंदाने साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि मी कपाळावर हात मारला.

डाव्या पायावर काही लावलेलं नव्हतं. उजव्या पायावर गोल गोल पांढरे चट्टे, ताजे, ठसठशीत.

"अव्वा, हे काय?" मी विचारलं. आवाज काबूत ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

निंगव्वा जराही कचरल्या नाहीत. "तुमीच सांगितलं न्हवं, लावू नका म्हणून? मी इच्यार केला. डॉक्टरचा शब्द मोडायचा न्हाय, आणि देवाचाबी मोडायचा न्हाय. म्हणून वाटणी केली. उजवा पाय देवाचा. डावा पाय ह्यांचा." त्यांनी हनुवटीने मॅडमकडे दाखवलं.

महानंदा पदर तोंडाला लावून हसत होती. ती हसते, हे मला तेव्हा कळलं.

मी मॅडमकडे बघितलं. आता तरी ह्या चिडतील, असं मला वाटलं. त्या स्टुलावर बसल्या होत्या, महानंदाचे दोन्ही पाय समोर घेतले होते, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू कुणी ताटात पुरणपोळी वाढली.

"प्रतिक्षा," त्या हळूच म्हणाल्या, "इकडे ये. खाली बस. उभ्याने दिसणार नाही."

मी फरशीवर बसले.

"एकच बाई. एकच रोग. दोन पाय. उजव्याचं निदान काय?"

"सोरायसिस," मी म्हटलं. कारण राख माहीत असूनही डोळे तेच म्हणत होते.

"डाव्याचं?"

डावा पाय आठवडाभर उघडा होता. कोरडा आणि खरा. मोठ्या चट्ट्यांवर पातळ, बारीक कोंडा होता, मेणासारखा थर नव्हता. काही ठिकाणी पिवळी खपली. मॅडमनी काचेने खरवडलं. थर नाही, पडदा नाही, रक्ताचे ठिपके नाहीत, नुसती खपली हलली आणि खाली ओल दिसली. त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं. सोरायसिसमध्ये रक्तवाहिन्यांचे लाल ठिपके एकसारखे पेरल्यासारखे दिसतात. इथे ते कुठे पुंजक्याने होते, कुठे नव्हतेच, आणि त्यांवर पिवळट पापुद्रे सांडलेले. कड बोटाने चाचपायला लावली. सोरायसिसची कड बोटाला पायरीसारखी लागते, चट्टा कुठे संपला ते डोळे मिटूनही सांगता येतं. इथे बोटाला नक्की पायरी मिळेना.

"आणि हा बघ. हा ह्याच आठवड्यात आलाय." पोटरीच्या मागे एक नवा चट्टा होता, चवलीएवढा. नीट बघितलं तर तो चट्टा नव्हताच अजून. पाण्याच्या बारीक पुटकुळ्या एकमेकींना चिकटून गोल करायच्या बेतात होत्या. "जुना चट्टा काहीही सोंग घेतो. खाजवला, भिजवला, फासला, तसा दिसतो. नव्याला अजून सोंग शिकवलेलं नसतं. सोरायसिस असा पाण्याने सुरू होत नाही."

मी मान हलवली. एवढी वर्षं मी पुस्तकातले फोटो पाठ केले होते. ते फोटो कुणाच्या घरातून, कुठल्या पाण्याने आंघोळ करून, कुणाच्या बोटांखालून आलेले असतात, हे मॅडमनी मला त्या फरशीवर शिकवलं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. बसलेच होते, सोयीचं होतं. पण त्यांना ते आवडत नाही.

डाव्या पायाचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. मॅडम म्हणाल्या, जुन्या चट्ट्यात सूक्ष्मदर्शकालाही घोळ पडतो, म्हणून नव्याच्या जवळचा घ्या. उत्तर आलं. वरच्या कातडीत पेशींच्या मधे पाणी शिरलेलं, इसबाला शोभेल असं. सोरायसिसची बांधणी नाही.

त्या दिवशी मॅडमनी खाजगी डॉक्टरांना फोन केला. मी कान देऊन ऐकत होते. "सर, तुमची पेशंट माझ्याकडे आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही सोरायसिसच वाटलं असतं, पण एक गंमत सापडली." आणि मग विभूतीची वाटणी सांगितली. पलीकडून मोठ्याने हसल्याचं ऐकू आलं. मग त्यांनी काहीतरी विचारलं, ज्यावर मॅडम म्हणाल्या, "नाही हो सर, गोळी सुरू झालेली नव्हती. एकही नाही."

महानंदाला मलम दिलं, जरा कडक, ठरावीक दिवसांपुरतं. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात. वजरीने घासणं बंद, कारण ती खाज मारायला पाय वजरीने घासायची हेही मागाहून कळलं. अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन. निंगव्वांना मॅडमनी कानडीत समजावलं, की व्हॅसलीन लावताना मंत्र म्हणायला डॉक्टरांची हरकत नाही. त्या दिवसापासून दोन्ही पाय निंगव्वांनी स्वतःच्या ताब्यात घेतले.

दीड-दोन महिन्यांनी दोघी परत आल्या. चट्टे बसले होते. जागोजागी काळसर डाग उरले होते, पण कातडी सपाट होती, मऊ होती. महानंदा झोपत होती. गालावर थोडं मांस आलं होतं.

"हे परत येऊ शकतं," मॅडमनी तिला सांगितलं. मॅडम गोड बोलण्यासाठी काही लपवत नाहीत. "थंडीत कातडी कोरडी पडली की एखादा चट्टा उठेल. उठला की लगेच या, घरी काही फासू नका. पण हा सोरायसिस नाही. तुमच्या कागदावरून मी ते नाव काढलंय."

महानंदाने विचारलं, "मग ती गोळी?"

"नाही. ती कधीच लागणार नाही, असं मी म्हणत नाही. पण आज तुम्हाला अडवेल असं कुठलंही औषध माझ्याकडून चालू नाही. दोनदा का गेलं, ते बायकांच्या डॉक्टरला दाखवून तपासून घ्या. मी चिठ्ठी देते. पण थांबायचं कारण कातडी नाही."

मी निंगव्वांकडे बघितलं. खरं म्हणजे भांडायच्या तयारीनेच बघितलं. आता म्हणतील, आधी अंग पुरतं बरं होऊ दे.

निंगव्वा सुनेकडे बघत होत्या. "मी म्हणत होते न्हवं, आधी अंग," त्या मला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी ओळखला नाही. "दोनदा पोटातलं गेलं तवा दोनी वेळा ही मरता मरता वाचली. रगत थांबंना. मी बसले होते उशाला. नातू पायजे म्हणून हिला परत त्यात ढकलू का मी? म्हणून म्हणायचे, आधी हिचं अंग. घरात कोण लेकराचं काढलं की मीच आडवं बोलायचे. लोकं म्हणायची, सासू वाईट हाय. म्हणू द्या."

महानंदाने सासूकडे बघितलं. हे तिलाही पहिल्यांदाच कळत होतं, तेवढं तिच्या तोंडावर स्पष्ट होतं.

"अत्ती," ती म्हणाली. सासूला त्यांच्याकडे अत्ती म्हणतात. "तुमी मला कधी सांगितलं न्हाय."

"तू कधी इच्यारलंस?"

मग महानंदा रडायला लागली. इतके महिने खाजेने जागी राहिलेली, पाय सोलून निघालेली, गोळी घ्यायला निघालेली बाई, एकदाही रडलेली मी बघितली नव्हती. निंगव्वांनी तिचं डोकं स्वतःच्या पोटाशी धरलं. पाठीवरून हात फिरवला, जोरात, म्हशीला फिरवावा तसा.

"रड," त्या म्हणाल्या. "मला लेकरू पायजे म्हण. मोठ्यानं म्हण. हितं दोन डॉक्टर हाईत, मी हाय."

ती पदरात तोंड घालून म्हणाली. नीट ऐकू आलं नाही, पण निंगव्वांनी ऐकलं.